फळ्यावरचं सगळं

सुनील शिकवायचा ती पद्धत जरा उलटीच होती. बेलापूरहून रोज मोटारसायकलवर तो कोल्हारकडच्या पॉलिटेक्निकला यायचा, सिव्हिलच्या पोरांना बांधकाम शिकवायचा, आणि पांढऱ्या फळ्यावर आधी हमखास चूक लिहायचा. घराच्या बाहेर निघालेल्या गॅलरीची मुख्य सळई स्लॅबच्या खालच्या अंगाला काढायचा, पोरांना माना डोलवू द्यायचा, मग लाल मार्करनं त्यावर फुली मारून शेजारी बरोबर आकृती काढायचा. चूक डोळ्यांनी पाहिली की जन्मभर विसरत नाही, असं त्याचं म्हणणं.

पोरांनी वह्या कधीच गुंडाळून ठेवल्या होत्या. तास संपला की पुणतांब्याची दिपाली फळ्याचा फोटो काढायची, मोबाईलमधल्या ॲपला द्यायची, आणि घटकाभरात मथळे, उपमुद्दे, तक्ते असलेल्या टाईप केलेल्या नोट्स वर्गाच्या ग्रुपवर पडायच्या. सुनीलनं एकदा त्या सहज वाचल्या आणि लगेच दिपालीला गाठलं. ॲपनं लाल फुली सरळ गिळली होती. ‘गॅलरी : मुख्य सळई खाली’ हा पहिला मुद्दा, ‘मुख्य सळई वर’ हा दुसरा, दोन्ही सारखेच ठळक. खिडकीच्या उजेडानं फळ्याचा एक कोपरा चकाकला होता, तिथलं वाक्य तर ॲपनं मनानंच रचून टाकलं होतं.

“अगं, ह्या नोट्सवर कुणी गॅलरी बांधली तर पहिल्याच पावसाळ्यात खाली येईल की!”

“सर, मला काय म्हाईत? टाईप तर लई भारी आलंय.”

रागावून भागणार नव्हतं. दुसरा एखादा म्हणाला असता, मरू दे, मला काय त्याचं. पण सुनीलला शिकवण्याची खोडच होती. खिडकी लाव, फळ्यासमोर सरळ उभी राहा, मोठा फळा दोन फोटोंत घे, आणि टाईप झालेली ओळ न् ओळ फोटोशी ताडून बघ, हे सगळं त्यानं तिला शिकवलं. चुकीच्या आकृतीसाठी ‘नेहमी होणारी चूक’ असा वेगळा मथळा करायला लावला. वर्षभर तास संपल्यावर थांबून दोघांनी नोट्स सुधारल्या. घरी सीमा म्हणायची, “तासिकेवरचा मास्तर तुमी, एवढं कशाला झिजताय?” तो हसायचा. हे काम पाहून तरी संस्था आपल्याला कायम करील, अशी वेडी आशा त्याच्या मनात होती, हे बायकोला सांगायची त्याला लाज वाटे.

नव्या वर्षाची नेमणूक विचारायला तो प्राचार्यांकडे गेला. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्याच नोट्स उघड्या होत्या. वर संस्थेचं नाव, खाली संस्थेचा शिक्का.

“लई उत्तम काम हाय हे,” प्राचार्य म्हणाले. “दिपालीकडून मागून घेतलं. आता सगळं तयारच हाय, तर यंदा तास आपला समर्थ घेईल. अध्यक्षांचा भाचा. पडद्यावर लावून शिकवील.”

“सर, हे माझं शिकवणं आहे. माझं नाव तरी घाला.”

प्राचार्यांनी नोट्स वरखाली केल्या. “फोटोत जे हुतं ते आलंय. फळ्यावर तुमचं नाव कुटं हुतं?”

फळ्यावर आपलं नाव लिहितो कोण? सुनील उठून बाहेर आला. दाराशी दिपाली उभी होती, रडवेली.

“सर, मला वाटलं त्यांनी वाचलं तर तुमाला कायम करतील.”

मलाही तेच वाटलं होतं, हे त्याच्या ओठांवर आलं. पण संताप मोठा होता. “फार उपकार केलेस,” एवढंच तो बोलला, आणि बोलल्याक्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. पोरीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तो जिन्याकडे वळला तोच मोकळ्या वर्गातून समर्थनं हाक मारली. पोरगा तसा नम्र होता.

“सर, गॅलरीची सळई वर, हे नोट्समधी हाय. पन का, ते न्हाई. पोरं इचारतील.”

खरंच नव्हतं. ‘का’ ते सुनील नेहमी तोंडानं सांगायचा, खोडरबर दोन्ही हातांत वाकवून दाखवायचा. फळ्यावर ते कधी आलंच नव्हतं. ‘नाही सांगत, जा’ असं म्हणायचा त्याला पुरता हक्क होता. पण ह्या पोरांनी बांधलेल्या गॅलरीखाली उद्या कुणाची तरी लेकरं खेळणार होती. त्यानं वर्गात जाऊन फळ्याजवळचा मार्कर उचलला. ओझ्यानं वाकलेली गॅलरी काढली, ताणली जाते ती वरची बाजू दाखवली, काँक्रीट दाब सोसतं पण ताण सोसत नाही, म्हणून सळई तिथंच हवी, हे पहिल्यांदाच ओळीनं लिहून काढलं. लिहिता लिहिता सगळं विसरून तो रंगून गेला. शेवटची ओळ पुरी करून वळला तर समर्थ खिडकी लावून, मोबाईल समोर धरून, अगदी सरळ उभा होता.

“सर, जरा बाजूला व्हता का? फोटोत येताय.”

सुनील बाजूला झाला.