मुडबीच्या नावावर

क्रेनवाल्याचं बिल मनीषानं नेहमीसारखंच हातात घेतलं. वर गाव बघितलं, मुडबी. झालं, टॅलीत खर्चाच्या केंद्रापुढं, म्हणजे खर्च कुठल्या गिरणीचा त्या रकान्यात, 'मुडबी' टाकलं. खातं कुठलं घालावं एवढ्यासाठी तिनं खालचा मजकूर वाचला.

'मुडबी येथील डाळ गिरणीची यंत्रं उतरवून निंबर्गा येथे पोहोचवणे. आगाऊ रक्कम.'

मुडबीची गिरणी उतरवायची? तिची आई सुगंधाबाई त्याच गिरणीत डाळ निवडते. मनीषाची फी, पुस्तकं, बीकॉमची पदवी, सगळं त्या डाळीतूनच निघालेलं. आणि गिरणी मोडायची बातमी तिला कळतेय कुणाकडून, तर क्रेनवाल्याकडून!

औरादच्या या ऑफिसात शंकरप्पांच्या तिन्ही गिरण्यांचा हिशेब होतो. मुडबीची जुनी, तिच्यावरच घर उभं राहिलं. औरादची नंतरची. निंबर्ग्याची अगदी नवी, थोरला मुलगा महेशकुमारच्या हौसेची. मनीषा बिल घेऊनच महेशकुमारच्या टेबलापाशी गेली.

"महेशअण्णा, हे काय आहे?"

"आलं व्हय बिल? तुला सांगायचंच राहिलं बघ, अक्का." त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "मुडबी लई तोट्यात हाय. डाळ निघती मूठभर, खर्च पोतंभर. किती दिवस पोसायचं? अप्पांचं मन होत नव्हतं, पण आकडे बघितले आन् तेबी गप झाले. सकाळी बायांना सांगून टाकलंय, म्हैनाअखेर बंद."

पडद्यावर तिन्ही गिरण्यांचा खर्च शेजारी शेजारी मांडला होता. औराद आणि निंबर्गा हसतमुख, मुडबी मात्र कंबरेपर्यंत रुतलेली. मनीषानं मुडबीच्या दुरुस्ती खात्यावर बोट ठेवलं. एवढी दुरुस्ती? आईच्या गिरणीतली चाळणी तर सुतळीनं बांधून चालवतात. आई दर सणाला तेच गाऱ्हाणं सांगते.

ती जागेवर आली आणि फायली उपसू लागली. लातूरच्या दुकानाचे पट्टे. बेअरिंगा. हैदराबादचं बारदान. प्रत्येक बिलावर वर पत्ता मुडबीचा. तो तर असणारच, कारण जीएसटीची नोंदणी एकच आणि तिच्यात मुख्य ठिकाण मुडबी. कर्नाटकातल्या तिन्ही गिरण्यांची बिलं त्याच पत्त्यानं फाटतात. माल कुठं उतरवला ते खाली, बारीक अक्षरात. पट्टे: निंबर्गा. बेअरिंगा: औराद. बारदान: निंबर्गा. मागं टाचलेल्या पावत्यांवर सही-शिक्का त्या त्या गिरणीच्या वॉचमनचा.

महेशकुमारनं ही केंद्रं सुरू केली तेव्हा तो म्हणाला होता, "सोपं हाय अक्का, बिलावर जे गाव दिसंल ते टाकायचं." आणि तिनं दिसलं ते गाव टाकलं. पहिल्याच दिवशी टाकलं, मग सवय झाली. त्यात एकाच दुकानाचं बिल आलं की मागची नोंद कॉपी करायची आणि नंबर, रक्कम, तारीख बदलायची. झटपट काम! स्वतःच्या झटपटपणाचा तिला केवढा अभिमान होता.

बोंब कुणी मारली नाही, कारण बोंब मारण्यासारखं काही दिसतच नव्हतं. दुकानदारांची बाकी बरोबर, जीएसटी जुळलेला, तिन्ही गिरण्यांची बेरीजही तीच. फक्त दुसऱ्यांचं ओझं एकटीच्या पाठीवर लादलेलं.

मग आणखी एक बिल हाती आलं. सॉर्टेक्स. रंग ओळखून खराब दाणा उडवणारं नवंकोरं यंत्र, निंबर्ग्यात बसवलेलं. ज्या व्यापाऱ्याकडून एरवी सुटे भाग येत, त्याच्याकडूनच घेतलेलं. मनीषानं सुट्या भागांची नोंद कॉपी केली होती. खातं: दुरुस्ती व देखभाल. केंद्र: मुडबी. जे यंत्र मालमत्तेत धरून त्याची झीज निंबर्ग्याच्या नावावर वर्षावर्षाला थोडी थोडी टाकायची, ते तिनं एका दमात मुडबीच्या दुरुस्तीत कोंबलं होतं. ऑडिटरनं वर्षाअखेर पकडलंही असतं. पण वर्षाअखेरपर्यंत मुडबीत पकडायला उरणार होतं काय?

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"मनीषा, गिरणी बंद करायलेत गं. तोट्यात हाय म्हनं."

मनीषानं हातातलं बिल टेबलावर पालथं ठेवलं.

"बाया लई भडकल्या होत्या. मल्लव्वा तर म्हनली, ह्ये खोटं हाय, गेटावर बसू, मशीन हलवू द्यायचं न्हाई. मीच गप केलं सगळ्यांना. म्हनलं, हिशेब माझी पोरगी लिव्हती. ती खोटं लिव्हनार न्हाई. तिनं तोटा लिव्हलाय तर तोटा असनारच. मग बसल्या बिचाऱ्या."

"आई, थांब, मी करते फोन," एवढंच कसंबसं म्हणून तिनं फोन ठेवला.

सॉर्टेक्सचं बिल वर ठेवून तिनं सगळा गठ्ठा उचलला आणि आतल्या खोलीत शंकरप्पांपुढं ठेवला. महेशकुमारही मागोमाग आला.

"अप्पा, मुडबी तोट्यात नाही. मी चुकीचं लिहिलं."

"काय म्हणायलीस?"

तिनं एकेक बिल उलटून दाखवलं. वरचा पत्ता, खालचा पत्ता, मागचा शिक्का. म्हातारा चष्मा कपाळावर सारून बघत राहिला. दुसऱ्यांचे खर्च त्यांच्या जागी आणि सॉर्टेक्स मालमत्तेत गेलं, तेव्हा मुडबी पाण्यावर डोकं काढून उभी राहिली. फार नाही, पण स्वतःच्या पायावर. बुडत निघाली ती निंबर्गा.

"आसं कसं हुईल?" महेशकुमारचा चेहरा उतरला. "निंबर्गा तोट्यात?"

"नवी गिरणी पहिल्यांदा खातीच की," शंकरप्पा म्हणाले. "पर तिनं खाल्लेलं तू मुडबीच्या नावावर मांडायलास व्हय? गाव दिसंल ते टाक म्हणून कुणी सांगितलं हिला?"

महेशकुमार वरचं बिल पुन्हा उलटून बघू लागला.

"महेशअण्णांनी सांगितलं, पण बिल मी वाचायला पाहिजे होतं," मनीषा म्हणाली. "मी वाचलंच नाही."

शंकरप्पांनी तिला ना शाबासकी दिली, ना शिवी. क्रेनवाल्याला फोन लावला आणि काम रद्द केलं. आगाऊ रकमेवर पाणी सोडावं लागलं. "ते मुडबीवर टाकू नगंस," एवढं मात्र त्यांनी बजावलं. "ऑफिसावर टाक. चूक हितली हाय."

मनीषा बाहेर आली आणि आईला फोन लावला. गिरणी चालू राहणार म्हटल्यावर पलीकडं एकच गलका उठला. सुगंधाबाई ओरडून सगळ्यांना सांगू लागली, "माझ्या पोरीनं वाचिवली गं गिरणी! म्हनलं नव्हतं का मी?"

"आई," मनीषा म्हणाली, "वाचवली नाही. बुडवत मीच होते. तोटा नव्हताच. मी न वाचता लिहीत गेले."

पलीकडं बायकांचा गलका चालूच होता. आई फोन घेऊन त्यातून बाजूला गेली.

"म्हंजी मल्लव्वा बरोबर होती," ती हळू आवाजात म्हणाली. "आन् मी तिला तुझ्या नावानं खाली बसिवलं."