एकाच तारखेच्या दोन ओळी

"बाबा औषधवाल्याला दोन-दोनदा पैसे देतात," दादाने फोनवर फर्मान काढलं. "बँकेच्या मेसेजचा तक्ता केलाय मी. डोळ्यांनी बघ. पुढच्या महिन्यापासून त्यांचं खातं, कार्ड, सगळं मी सांभाळणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, दोन गल्ल्या पलीकडे. उभा जन्म नकाशे काढले त्यांनी. रेघ केसभर सरकली तरी खपायची नाही. आता स्वतः जाऊन स्वतःच्या पैशाने पाव आणणं, दाढी करून येणं, एवढंच त्यांच्या हातात उरलंय. तेही काढून घ्यायचं?

आणि तक्ता कुणाला शिकवतो हा? मालवाहतूक कंपनीत ड्रायव्हरांच्या खर्चाचे मेसेज फोडून तक्त्यात भरणं, यावर तर माझं पोट चालतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेले. ते खिडकीशी पेपर वाचत बसले होते. त्यांच्या फोनमधले सगळे मेसेज लॅपटॉपवर घेतले, ओटीपी आणि कर्जाच्या जाहिराती आधी उडवल्या. राहिले ते फोडायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रकाने चार: तारीख, रक्कम, जमा की नावे, आणि दुकान.

पहिल्याच फटक्यात घोळ. औषधवाला आम्हाला पैसे देतोय! कारण मेसेज असा: 'आपल्या खात्यातून ३४० रुपये डेबिट, अमुक मेडिकल क्रेडिट.' दोन्ही शब्द एकाच वाक्यात, आणि मी आधी 'क्रेडिट' शोधायला सांगितलेलं. आपल्या खात्याचं काय झालं तेवढंच बघ, असं प्रोग्रॅमला बजावलं तेव्हा गाडी रुळावर आली.

मग दादाच्या जोड्या दिसल्या. तीच तारीख, तीच रक्कम, तेच दुकान, ओळी दोन. मूळ मेसेज उघडले आणि मला हसूच फुटलं. एका खरेदीचे बँक दोन मेसेज पाठवत होती, एक पैसे गेल्याचा आणि दुसरा शिल्लक सांगणारा. दोन्हींत व्यवहार क्रमांक एकच.

दादाला फोन लावला. "उचलली जीभ लावली टाळ्याला! मेसेज दोन, पैसे एकदाच गेलेत, शहाण्या. बापाला विसराळू ठरवायला निघाला होतास!"

"बरं बाई, चुकलो," तो म्हणाला. मला काय गोड वाटलं ते!

आता एकेका क्रमांकाची एकच ओळ ठेवली की काम संपलं. तशी ठेवली. तक्ता निम्म्यावर आला. पण तीन जोड्या जागच्या हलेनात.

औषधवाला. बेकरी. सलून. तारीख तीच, रक्कम तीच, पण व्यवहार क्रमांक वेगळे. शिल्लक तपासली. दोनदा घटलेली. तिन्ही जोड्या गेल्या दोन महिन्यांतल्या. त्याआधी एकही नाही.

तीन ओळी पुसायला कितीसा वेळ लागतो? दादाने तर हारही मानली होती. मी कर्सर पहिल्या ओळीवर नेला आणि तशीच बसून राहिले.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मग गप्प का? तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस." चष्मा सारखा करत ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. नकाशा वाचावा तसं बोट ठेवून वाचलं. सलूनच्या ओळींवर बोट थांबलं.

"तो पैसे परत करत होता," ते हळूच म्हणाले. "दोनदा दिलेत म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. चारचौघांत. म्हटलं, मला काय वेड लागलंय? तुझी दया नको मला."

मला त्यांच्याकडे बघवेना. इतका वेळ मी दादाला हरवत होते, आणि बाबांना काय होतंय ते कुणीच बघत नव्हतं.

"लाव तुझ्या दादाला फोन," बाबा म्हणाले.

दादाने उचलला. "आता काय चुकलं माझं?"

बाबांनीच फोन घेतला.

"तुझं काही चुकलं नाही रे. तीनदा झालंय तसं. डॉक्टरांची वेळ घे, मी येतो. खातं तुम्ही दोघांनी बघा, भांडू नका. मला खर्चाला थोडे हातात देत जा." थोडं थांबून म्हणाले, "ठेवतो आता. सलूनमध्ये जायचंय, माफी मागायला."

"आज कशाला बाबा? ऊन आहे बाहेर," मी म्हटलं. "उद्या जाऊ."

"आजच," बाबा म्हणाले. "उद्या लक्षात राहील न राहील."

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या चपला पुढे करून ठेवल्या.