हात काढ!

मशीनला मी अंघोळ घातली आणि माझ्या नातीचं गाणं मेलं. सुरुवात तिथून आहे, म्हणून तिथूनच सांगते.

भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. ताटं, वाट्या, डबे. पॉवर प्रेसवर, पत्रा चेपून भांडं काढणाऱ्या मशीनवर, मी तीस वर्षं बसले. बायामाणसांनी प्रेसवर बसू नये म्हणणारे पुरुष आज आठ बोटांनी चहा पितात. माझी दहाच्या दहा शाबूत आहेत, कारण माझे कान शाबूत होते. मशीन काय म्हणतंय ते ऐकायचं आणि मग पाय पेडलवर टाकायचा. नवीन माणूस आला की मी एवढंच शिकवायचे. पत्रा ठेव, हात काढ, मग पाय टाक. दिवसभर ओरडत असायचे, "हात काढ! हात काढ!" लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एकदा तोंडातून निघालं होतं.

माझी नात मानसी. तिचा बँड आहे. ती गाते आणि कॉम्प्युटर सांभाळते, अभिनव नावाचा लांबुडका मुलगा गिटार वाजवतो. त्यांच्या संगीताला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मानसीला म्हटलं, "बाळा, स्पीकर दुरुस्त करून घे."

"आजी, तो मुद्दाम तसा केलाय."

"मुद्दाम बिघडवलाय?"

"हो."

मी हात जोडले. पण पोरगी माझ्यावर गेलीय, समजावल्याशिवाय सोडत नाही. म्हणाली, कारखान्याचे आवाज घ्यायचे, त्यांचाच ढोल करायचा, त्यांचीच सनई. आवाज इतका वाढवायचा की त्याची टोकं वर छताला आपटून चपटी होतात. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. हे मला लगेच कळलं. गोल पत्रा घेऊन आपण डायच्या साच्यात चेपतो, तसा आवाज चेपायचा. "म्हणजे तुम्हीपण प्रेसवालेच की," मी म्हटलं. तेव्हापासून अभिनव मला बॉस म्हणतो. मी त्याला तशी हाक मारू देते.

तर मानसीला रविवारी संध्याकाळी मीरा रोडच्या एका हॉलात वाजवायचं होतं. बँड सुरू होऊन दोन वर्षं झाली आणि पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. गाण्याचं नाव होतं 'हात काढ'. सगळं गाणं माझ्या प्रेसवर उभं. तिनं मागे फोनवर आवाज घेतला होता, धाड, धाड, आणि मध्ये एक लांब किंकाळी. ती किंकाळी म्हणजे गाण्याचा जीव. पण फोनवरचा आवाज पातळ होता, म्हणून आता नीट माइक लावून घ्यायचं ठरलं. बुधवारी सकाळी.

आता मला सांगा, घरी पाहुणे येणार असतील तर तुम्ही झाडू मारत नाही? माझ्या मशीनचा आवाज चारशे लोक ऐकणार. मंगळवारी मी कोंडिरामला कामाला लावलं. कोंडिराम आमचा जुना कारागीर, मराठवाड्यातून माझ्याच मागोमाग आलेला. एका कानानं बहिरा. बायकोचं एक अक्षर ऐकू येत नाही, पण मशीनची कुरकुर पोटात कळते. कुठंही गेला तरी आधी मेन स्विच कुठाय ते बघतो आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढतो, मग लग्न असो की दहावा. त्यानं दिवसभर मशीन पुसलं, पट्टा ताणला, बोल्ट आवळले, फ्लायव्हीलच्या, म्हणजे मोठ्या चाकाच्या बुशांमध्ये, जिथं दांडा फिरतो तिथं, तेल सोडलं. मशीन नव्या नवरीसारखं दिसायला लागलं.

बुधवारी मानसी आणि अभिनव आले. बिल्ल्याएवढी चकती त्यांनी मशीनच्या अंगाला टेपनं चिकटवली. हा म्हणे वेगळा माइक, हवेतलं काही ऐकत नाही, लोखंडातली थरथर तेवढी ऐकतो. डॉक्टर छातीला लावतात तसा. मानसीनं हेडफोन चढवला. मी ऐटीत पेडलवर पाय टाकला.

धप्. धप्. धप्.

"आजी, किंकाळी?"

"कसली किंकाळी? एकदम मख्खन चालतंय!"

कोंडिराम छाती फुगवून म्हणाला, "बुश कोरडं होतं म्हणून कोकलत होतं. आता दोन महिने तोंड उघडत नाही."

मानसीनं हेडफोन काढला. रडली असती तर बरं झालं असतं, मी दटावलं असतं. ती हसली. "छान दिसतंय मशीन, आजी," म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. अभिनव पुटपुटला, "बॉसनं गाण्याला तेल घातलं."

मी माफी मागत नाही. नवऱ्याची मागितली नाही, सासूची मागितली नाही. पण ते हसणं मला स्वस्थ बसू देईना. बुश पुसून कोरडं करणं सोपं होतं, रॉकेलचा बोळा पुरे. पण मशीन उपाशी ठेवून गाणं? बुश घासून चाक हललं तर कुणाचं बोट जाईल? माझ्या गाळ्यात नाही.

मग डोक्यात आलं, तीस वर्षं मी आवाज बंद करत आले. कुठला आवाज कशानं होतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

"मानसी, वायर सोड. काय पाहिजे ते सांग. किंकाळी पाहिजे ना? लांब की तोकडी?"

कोंडिराम रुसून जेवायला गेला होता, बरंच झालं. मी तिला मागच्या खराद मशीनकडे नेलं. तिथं पत्र्याची गोल चकती लाकडी साच्यासमोर गरगर फिरते, आणि लांब दांडा काखेत धरून तिला साच्यावर दाबत दाबत आपण पातेलं वळवतो. पत्र्याला आधी साबण चोपडावा लागतो, नाहीतर तो जीव घेतल्यासारखा ओरडतो. मी भंगारातली चकती चढवली. साबण लावला नाही. चष्मा लावला, पोरांना मागे सरकवलं. अभिनवनं माइकची चकती दांड्याला चिकटवली. मी अंग टाकून दांडा दाबला.

काय किंचाळला तो पत्रा! शेजारच्या गाळ्यातून जिग्नेशभाई धावत आला. "वैजयंताबेन, क्या हुआ, कोई मर गया क्या?"

"नहीं भाई, गाना चालू है!"

तो पाटीकडे बघून गेला, गाळा चुकला की काय म्हणून. मी दांडा हळू सरकवला, आवाज दुसराच झाला. थोडा सोडला, तो कण्हायला लागला. मानसी हेडफोन दाबून नाचत होती. "आजी, अजून! परत! मधला, मधला!" या वयात मी काखेला फोड येईपर्यंत पाच चकत्या किंचाळवल्या. हसून हसून दांडा धरवेना, तेव्हा बंद केलं.

मग प्रेस. त्यातही तिची चूक मीच काढली. तिनं आधी जे धाड धाड घेतलं होतं ते रिकाम्या मशीनचं होतं, डायमध्ये पत्राच नव्हता. "हे नुसतंच तोंड हलवणं झालं. घास घेऊ दे त्याला." पत्रा ठेवून चालवलं, तेव्हा धप्पच्या आत एक कुरकुर आली, पत्रा ताणला जातो ती. मानसीनं एक ठोका कापला, त्याचा वेग उतरवला, तर राक्षस जिना उतरतोय असं वाटलं. किंकाळी उलटी फिरवली, तर ती श्वास आत ओढल्यासारखी झाली. मग तिनं सगळे ठोके कॉम्प्युटरवर रांगेत लावले, एकसारखे.

"हे मेलेलं आहे," मी म्हटलं.

"एकदम टाइममध्ये आहे, आजी."

"म्हणूनच. पत्रा चेपला की चाक दमतं, एक क्षण मागं पडतं, मग परत वेग धरतं. तू दमूच देत नाहीस त्याला."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि रांग मोडली. दर चौथा ठोका केसभर उशिरा आला. माझा पाय आपोआप हलायला लागला.

रविवारी मी नऊवारी नेसले, वर गाळ्यातला चामड्याचा ॲप्रन. मानसीनं मला काम दिलं होतं. साखळीनं टांगलेला जाड पत्रा, हातात हातोडा, ध्रुवपदाला चार ठोके. मागच्या पडद्यावर आमच्याच प्रेसचं चित्र, दट्ट्या खाली, वर, खाली. कोंडिराम पहिल्या रांगेत, स्टेजच्या बाजूला, भिंतीवरच्या मेन स्विचजवळ. खुर्ची त्यानंच ओढून नेली होती. त्याचा रुसवा गेला नव्हता. किंकाळी आम्ही कशी काढली ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. राक्षस जिना उतरला. अभिनवची गिटार करवतीसारखी, दर ठोक्याला कापून थांबणारी. मानसीचा आवाज चेपून कर्ण्यातून आल्यासारखा:

पत्रा ठेव, हात काढ,
बोट तुझं, ताट त्यांचं,
हात काढ!

पोरं उड्या मारत होती. दुसऱ्या कडव्यानंतर किंकाळी आली, भिंती हलल्या. आणि मला कोंडिराम दिसला. तो उभा राहिला होता, डोळे खोबणीतून बाहेर.

"बुश गेलं!" तो ओरडला. "बाई, हात काढा!"

आणि त्यानं मेन खाली ओढला.

काळोख. गिटार बंद, स्पीकर बंद, पडदा बंद. चार दिवसांचं काम, दोन वर्षांची वाट, सगळं एका झटक्यात गप्प. काळोखात मानसी हसलेली मला ऐकू आली. तेच हसू, बुधवारी वायर गुंडाळतानाचं.

मी हातोडा उचलला. टांगलेल्या पत्र्याला वीज लागत नाही. धाड. धाड. धाड. चौथा केसभर उशिरा. कारखान्यात जसं ओरडायचे तसं ओरडले, "हात काढ!"

हॉलातून कुणीतरी परत ओरडलं, "हात काढ!" मग सगळा हॉल. पोरांनी फोनचे दिवे लावले, खुर्च्या बडवायला लागले. मानसी माइकशिवाय गायला लागली, उघड्या गळ्यानं, आणि अभिनव गिटार ठेवून माझ्या पत्र्याच्या कडेवर पाना आपटायला लागला. इतका गोंगाट आमच्या गाळ्यात दिवाळीच्या ऑर्डरलाही झाला नव्हता.

हॉलचा माणूस धडपडत आला. "माताजी, लाइट किसने बंद किया?"

"चालू कर रे आधी, मग विचार!"

फट्ट झालं आणि सगळं परत आलं. मानसीचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, म्हणून मशीन मध्येच कुठूनतरी आत घुसलं. मी त्याच्या अर्धा ठोका मागे होते. मला लाज वाटली, पायानं ताल धरून सावरून घेतलं. तेवढ्यातल्या अडखळण्यावर पोरं वेडी झाली.

नंतर लोक मानसीला गाठून विचारत होते, मध्ये अंधार करायची आयडिया कुणाची? मी पुढे होऊन म्हटलं, "माझी." कोंडिराम कोपऱ्यात तोंड लपवून उभा होता. मानसी त्याच्याकडे गेली.

"काका, पुढच्या वेळी पण याल?"

"पोरी, शपथ घेतो, स्विचला हात लावणार नाही."

"नाही काका. त्याच जागी, तशीच किंकाळी आली की, तसाच ओढायचा."

कोंडिरामनं माझ्याकडे बघितलं. चांगला कान पुढे करून त्यानं परत विचारलं, परत तेच उत्तर आलं.

"म्हणजे मुद्दाम बंद करायचं?"

"आता कळलं तुला," मी म्हटलं. "आणि ऐक, उद्या गाळ्यावर आलास की त्या प्रेसला तेल घाल. मी सांगत नाही तोवर थांबू नकोस."

मानसीनं माझ्या ॲप्रनवर डोकं टेकलं. माफी मी तेव्हाही मागितली नाही. काखेतला फोड मात्र तिला दाखवला.