झाकलेली शिफारस

खराडीतल्या कंपनीने अपेक्षाला नोकरीवरून काढले, त्याला पाच महिने झाले होते. सॉफ्टवेअर तपासणे हे तिचे काम. पुराव्याशिवाय ती काहीच मान्य करत नसे. आता तपासले जात होते ते तिचे स्वतःचे पान. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर तिच्या नावाखाली तीन शिफारशी होत्या. एक साहेब रंगनाथ यांची, एक ग्राहकाची आणि सर्वांत नवी दिगंबरची. दिगंबर नऊ वर्षे तिच्या शेजारच्या टेबलाशी बसत असे.

नोकरी शोधायला मदत करणाऱ्या सल्लागार बाई म्हणाल्या, "ही वरची आधी झाका. तुम्ही दोनदा काम अडवलंत, असं लिहिलंय. हट्टी वाटता."

"दोन्ही वेळा मीच बरोबर होते, हेही लिहिलंय."

"तेच तर!"

नवी शिफारस वर, जुनी खाली; ओढून क्रम बदलायची सोय नव्हती. लोकांच्या नजरेस पहिल्या दोनच पडत, पुढच्यांसाठी बटण दाबावे लागे. अपेक्षाने दिगंबरची झाकली. ग्राहक वर आला, साहेब त्याच्याखाली. पान सभ्य दिसू लागले.

आठवड्याने दिगंबरचा फोन आला. "मॅडम, माझी शिफारस दिसत नाही. मराठी माध्यमाचं इंग्रजी खटकलं का?"

"तसं नाही रे. नोकरी लागली की पुन्हा दाखवते."

"दाखवा सवडीनं. आम्ही कुठं पळतोय?"

दीड महिन्याने तो हृदयविकाराने गेला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

पंधरवड्याने ती हडपसरला त्याच्या घरी गेली. त्याची पत्नी सोनाली फोन पुढे करत म्हणाली, "ताई, बघा ना. कामाला दहा वर्षं झाली म्हणून अभिनंदन येतंय ह्यांना. बंद करून द्याल का हे?"

नोकऱ्यांच्या त्याच संकेतस्थळावरचे त्याचे खाते होते; पासवर्ड फोनमध्येच होता. खाते बंद केल्यास शिफारशी जातील, अशी सूचना आली. अपेक्षाने ती पूर्ण वाचली, आणि त्याला मिळालेल्या शिफारशी जातील, असा अर्थ लावला. मेलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग? तिने होकाराचे बटण दाबले.

महिन्याने बाणेरमधल्या एका मुलाखतीत प्रश्न आला, "साहेब आहेत, ग्राहक आहेत. बरोबरीच्या कुणाचंच काही नाही?"

"आहे. झाकून ठेवलंय. संध्याकाळपर्यंत दाखवते."

घरी येऊन तिने शिफारशींचे पान उघडले. उघड्या दोन. झाकलेल्या शून्य. तिने पान तीनदा ताजे केले. एरवी कामात चूक नोंदवण्याआधी ती पुन्हा घडते का, हे ती एवढ्याच वेळा पाहत असे. मग नियम वाचले. लिहिणाऱ्याचे खाते बंद झाले की त्याने दिलेल्या शिफारशीही जातात. चौदा दिवसांत खाते परत उघडता येते, शिफारशी मात्र परत येत नाहीत. शिफारस गेल्याच्या सूचनेचा ईमेल तिच्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर गेला होता, आणि तो पत्ता नोकरीबरोबरच बंद झाला होता.

तिने वही घेतली आणि आठवेल तेवढे लिहायला बसली. अडवल्याचे वाक्य जमले. त्याच्या पुढे तिच्याविषयी आणखी दोन ओळी होत्या. त्या झाकण्याच्या घाईत तिने धड वाचल्याच नव्हत्या.

बाणेरला तिने कळवले, "बरोबरीच्या कुणाची शिफारस उपलब्ध नाही."