विचारूनच नाव द्या

ऑफिसात सगळे जिला मावशी म्हणायचे ती वारली, तेव्हा ऑफिसला कळलं, की ती एकटी दोघांचं काम ओढत होती. नेमणूक होती सॉफ्टवेअर तपासण्याची. पण चिडलेल्या ग्राहकाचा फोन आला की सगळे तिच्याकडे टोलवायचे. शेवटी साहेबांनी त्या कामासाठी ग्राहक-समन्वयकाची नवी जागा मंजूर केली आणि टीमच्या प्रमुख बाईला बजावलं, "महिनाअखेरपर्यंत माणूस आण. नाहीतर जागा गोठली. मग फोन तूच घे."

बाई फोन घेऊन घेऊन आधीच अर्धी झाली होती. तिने मावशी काय काय करायची ते आठवून कामाचं वर्णन लिहिलं आणि आपल्या ओळखीच्या वर्तुळात टाकलं: 'आमच्या टीममध्ये नवी जागा. पूर्वी नव्हती. कुणी योग्य वाटलं तर मला कळवा; मात्र त्या व्यक्तीला विचारूनच नाव द्या.'

जेवणाच्या सुट्टीत पहिला निरोप आला, जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीचा. मावशीचं नाव, आणि खाली: 'विचारलंय. तयार आहे.'

बिचारीला बातमी कळली नसेल, असं बाईला वाटलं. मग एका ग्राहकाचा निरोप. तेच नाव. मग मामेभावाचा, ज्याने मावशीला कधी पाहिलंही नव्हतं. प्रत्येकाचं एकच: विचारलंय, तयार आहे.

बाईने मैत्रिणीला फोन लावला. "कधी विचारलंस गं?"

"काल. आवाज जरा लांबून येत होता. म्हणाली, मी तर अजून करतेच आहे, सुटी कुणी दिली?"

समोर मावशीची खुर्ची रिकामी होती, पण उशी बसलेल्या माणसासारखी दबलेली होती. तिने स्वतःची जाहिरात पुन्हा वाचली. सकाळी लवकर, रात्री उशिरा, शिवाय तपासणीचं काम, शिवाय हसतमुख. असं वर्णन वाचून जिवंत माणूस कशाला येईल?

ती साहेबांकडे गेली. "तपासणी वेगळी काढा. पगार जाहिरातीत लिहायचा. वेळ ठरलेली."

"एवढं मावशी मागत नव्हती."

"म्हणून ती अजून खुर्चीत आहे. उठवायचीय की नाही?"

साहेबांनी काचेतून खुर्चीकडे पाहिलं आणि सही केली.

बाईने जुनी जाहिरात काढून नवी टाकली. आता नावं आली ती हाडामांसाच्या माणसांची. एक मुलगी मात्र कुणी नाव न कळवताच मुलाखतीला आली. शिफारस कुणाची, असं बाईने विचारलं.

"नाव नाही सांगितलं. जिन्यात एक बाई भेटल्या. म्हणाल्या, कामाचं विचारू नकोस, ते जमेल तुला. सहाला घरी सोडतात का, तेवढं विचार."

बाईने शेजारी बसलेल्या साहेबांकडे पाहिलं.

"सोडतो," बाई म्हणाली.

काचेपलीकडे खुर्चीची उशी हळूहळू फुगून वर आली.