सर शिकवत असणं शक्यच नाही

आमच्या कुडव्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीची जागा एक आणि शिक्षक दोन. एक मी, योगेश्वरी रहांगडाले, चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर. दुसरे विक्कीसर, संस्थेचे सचिव दुर्गाप्रसादजी यांचे चिरंजीव, जुलैपासून रीतसर नेमलेले. ते दर शनिवारी कुडव्याला येत, हजेरीपटावर आठवड्याच्या सहा सह्या एका दमात करत आणि कोहमाऱ्याला आपल्या ढाब्यावर परत जात. सही मात्र देखणी होती. माणसानं काहीतरी मन लावून करावंच.

डिसेंबरात त्यांच्या मान्यतेचा कागद हलला. मान्यता देण्याआधी शिक्षण खात्याचे साहेब येऊन सरांचा एक तास पाहणार होते. दुर्गाप्रसादजींनी मला ऑफिसात बोलावलं, स्वतःच्या हातानं खुर्ची पुढे केली. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"मॅडम, विक्कीचा तास तुम्ही बसवून द्या. बस इतना काम. त्याची मान्यता झाली की पुढच्या साली दुसरी तुकडी येऊन राहिली. ती जागा आपकीच समझो."

मी छत्तीस वर्षांची. बीएड होऊन बारा वर्षं झालेली, चार शाळा बदललेल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे तर गाढवाला इंग्रजी शिकवायचं होतं. मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, आनंदानं म्हणाले. पक्क्या नोकरीची भूक फार वाईट.

धडा मीच निवडला. झालेल्या गोष्टीबद्दल पुराव्यावरून अंदाज करायचा आणि गाळलेली जागा भरायची. बारावीची माझी पोरं त्यात पटाईत होती. पुस्तकात इंग्लंडातली वाक्यं असायची, कुणी भिंत रंगवतोय, कुणी बर्फात खेळतोय. ती मी फेकून दिली आणि आपली केली. 'मंगरूच्या केसांत भाताचा कोंडा आहे. तो राइस मिलमध्ये ______.' समोर क्रियापद, वर्क. उत्तर, मस्ट हॅव बीन वर्किंग. तो काम करत असणार. 'रामलालचे हातपाय कोरडे ठणठणीत आहेत. तो तलावात ______.' क्रियापद, स्विम. कान्ट हॅव बीन स्विमिंग. पोहत असणं शक्यच नाही.

पोरांना मी एकच गोष्ट सांगायची. आधी पुरावा शोधा, मग तोंड उघडा. खात्री असेल तर मस्ट, शक्यच नसेल तर कान्ट. मग हॅव, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. काम एकदा केलं असेल तर 'हॅव डन'वर भागतं, पण बराच वेळ चालू होतं आणि त्याची खूण अंगावर राहिली, तर बीन आणि आयएनजी पाहिजेच. शेतावरून आलेल्या बापाकडे बघून तो दिवसभर काय करत होता हे ज्या पोरांना न विचारता कळतं, त्यांना हे समजायला किती वेळ लागणार? दोन तासांत वर्ग तयार.

विक्कीसरांना पाच दिवस लागले. दहा वाक्यांचा कागद दिला, त्यावर उत्तरं देवनागरीत लिहून दिली. तरी 'हॅव'च्या जागी 'हॅज' म्हणायचे. मस्टच्या आधी कोणताही कर्ता आला तरी 'हॅव'च राहतं, सर, हे मी सतरा वेळा सांगितलं. अठराव्यांदा ते म्हणाले, "मॅडम, साहब को कौनसा समझता है?"

वर्गाची तालीमही झाली. येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. म्हणजे मागून बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसतो आणि सर फक्त उजव्या हातांना उठवतात. ही युक्ती जिल्ह्यातल्या कुठल्याच शिक्षकाला शिकवावी लागत नाही.

साहेब आले. पन्नाशीपुढचे, चष्मा नाकावर, हातात छापील तक्ता. शेवटच्या बाकावर बसले. मी दाराशी उभी राहिले आणि दुर्गाप्रसादजी माझ्या मागे. त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही, पण कान टवकारून ऐकत होते.

विक्कीसरांनी दहा वाक्यं फळ्यावर लिहिली. हात वर झाले, उत्तरं आली, सगळी बरोबर. बारा मिनिटांत कागद संपला. तास पस्तीस मिनिटांचा. सरांनी डस्टर उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"छान," साहेब म्हणाले. "पण हे पाठ करून घेतलेलं असू शकतं. आता मुलांना स्वतः वाक्यं करू द्या. या वर्गात जे डोळ्यांना दिसतंय त्यावरूनच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. माझी जागा आता त्रेचाळीस पोरांच्या तोंडात होती, आणि ती पोरं कुणाच्या बापाला भीत नाहीत हे मला माहीत होतं.

गुड्डूचा उजवा हात वर गेला. "सर्स शर्ट स्मेल्स ऑफ तंदूर. ही मस्ट हॅव बीन सिटिंग अ‍ॅट द ढाबा."

साहेब खुलले. "गुड! आधी पुरावा, मग अंदाज. पुढे?"

विक्कीसर घाईघाईनं तिलककडे बोट दाखवत म्हणाले, "हां, गुड्डू, तू बोल." गुड्डू तर नुकताच खाली बसला होता. तिलक उठला, शांतपणे म्हणाला, "सर कॉल्ड मी गुड्डू. ही मस्टन्ट हॅव बीन टीचिंग अस सिन्स जुलाय."

साहेब बाकावरून उठले. मला वाटलं, झालं, संपलं. आणि खरं सांगते, नोकरी जाते म्हणून जितकी भीती वाटली तितकंच आत कुठेतरी बरं वाटलं. कुणीतरी म्हटलं एकदाचं.

साहेब तिलकजवळ आले. "बेटा, पुरावा उत्तम. पण एक चूक. शक्य नाही असं म्हणायचं तेव्हा मस्टन्ट चालत नाही. काय म्हणायचं?"

"कान्ट, सर."

"बरोबर. सगळे माझ्यामागे म्हणा. सर कान्ट हॅव बीन टीचिंग अस सिन्स जुलाय!"

त्रेचाळीस गळे एकदम ओरडले. साहेबांनी तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्या वेळी विक्कीसरही हात हलवून जोरात म्हणाले आणि पहिल्यांदाच 'हॅव' बरोबर आलं. मागे दुर्गाप्रसादजी माझ्या कानाशी पुटपुटले, "वा! मुलं काय फाडफाड बोलून राहिली!"

मग नीतू उठली. पुढच्या बाकावरची, बारीक आवाजाची, बिड्या वळणाऱ्या आईची मुलगी. तिनं वही उघडून साहेबांसमोर धरली. "एव्हरी पेज हॅज योगेश्वरी मॅडम्स सिग्नेचर. शी मस्ट हॅव बीन टीचिंग अस ऑल द इयर."

साहेबांनी वही हातात घेतली. पानं उलटली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. प्रत्येक पानावर माझी लाल शाईतली सही. त्यांनी एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांना खडू लागलेला होता, आधीच्या तासाचा. त्यांनी वही मिटून नीतूला परत दिली.

"एक्सलंट," ते म्हणाले. "बीनचा उच्चार सुधार."

ऑफिसात आलूबोंडे आले, चहा आला. साहेबांनी तक्ता भरला. मी बशा उचलायला म्हणून गेले आणि उभ्या उभ्या वाचलं. 'स्थानिक संदर्भांचा कल्पक वापर. विद्यार्थी निर्भयपणे बोलतात. शिक्षकाची वर्गावर पकड. मान्यतेस शिफारस.' खाली सही. ती विक्कीसरांच्या सहीइतकी देखणी नव्हती, पण चालली.

फाटकाजवळ मी साहेबांना गाठलं. जीप सुरू होती.

"साहेब, मुलांनी केलेल्या वाक्यांचा अर्थ तुमच्या लक्षात आला ना?"

ते चष्मा पुसत राहिले. "मॅडम, मी इंग्रजीत एमए आहे."

"मग?"

"तक्त्यात रकाने आहेत. उच्चार, रचना, सहभाग, फलकलेखन. अर्थाला रकाना नाही." जीपमध्ये बसल्यावर आवाज थोडा खाली आला. "आणि मला निवृत्तीला चौदा महिने आहेत. इथून मला कुणी सिरोंच्याच्या जंगलात टाकलं, तर तुम्ही येणार आहात का डबा घेऊन?"

जीप गेली. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. पाच दिवस गाढवाला हॅव-हॅज शिकवणाऱ्या बाईनं तो विचारूच नये.

आठ दिवसांत मान्यता आली. दुर्गाप्रसादजींनी पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची पुढे केली नाही.

"मॅडम, प्रॉब्लेम झाला. आता पक्का मास्तर आहे म्हटल्यावर तासिकेचा माणूस ठेवता येत नाही. नियमच आहे."

"आणि दुसरी तुकडी?"

"ती तं आपली सुनबाई पाहून राहिली ना. नुकतंच बीएड झालं तिचं." मग फार मायेनं म्हणाले, "विक्कीला तुमचे ते कागद देऊन जा. पूर्ण सालाचे. उत्तरांसकट."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आई वाचते.

स्टाफरूममधला माझा खण रिकामा करत होते तेव्हा नीतू दाराशी येऊन उभी राहिली. डोळे लाल. ती रडत असणार, हे सांगायला व्याकरण लागत नव्हतं.

"मॅडम, तुम्ही चालल्या म्हणते शिपाईभाऊ. खरं हाय?"

"खरं आहे."

"आमी मुद्दाम सांगतलं होतं साहेबाले. मी, तिलक, गुड्डू, आमी तिघायनं. संधी भेटली म्हणून." तिला हुंदका आला. "मायंच इंग्रजी कच्चं हाय. बीन बरोबर नाई म्हणता आलं मले. म्हणून साहेबाले समजलंच नाई."

आठ दिवस ही पोर हे मनात घेऊन फिरत होती. आता माझी नोकरीही आपल्या उच्चारामुळे गेली असं तिला वाटत होतं. साहेबांचा, दुर्गाप्रसादजींचा जेवढा राग आला नव्हता तेवढा मला त्या क्षणी आला. तिला काय सांगायचं? साहेबांना नीट ऐकू आलं नाही, असं सांगितलं असतं तर ती आरशासमोर उभी राहून बीन, बीन घोकत बसली असती. खरं सांगितलं तर सतरा वर्षांच्या पोरीला जे कळायचं ते कळणार होतं.

मी तिला खुर्चीवर बसवलं.

"नीतू, तुझं वाक्य बरोबर होतं. पुरावा बरोबर, क्रियापद बरोबर, उच्चारही बरोबर. साहेबांना शब्द न् शब्द समजला होता. मी त्यांना विचारलं."

तिचं रडणं थांबलं. तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"समजलं होतं?"

"हो."

"मंग तं लयच वाईट झालं, मॅडम," ती म्हणाली.