आठव्या ठोक्याचा बिट

"तुझ्याच चिपमध्ये घोळ आहे," मी तिसऱ्यांदा सुनावलं. चिपचा आराखडा काढते माझी मैत्रीण, तपासते मी. आठ टप्प्यांच्या साखळीत सोडलेला बिट क्लॉकच्या आठव्या ठोक्याला बाहेर यायला हवा. हा पठ्ठ्या चौथ्यालाच हजर.

"क्लॉक हळू कर," ती म्हणाली.

मी सेकंदाला एक ठोका लावला. तरी चौथ्यालाच.

ती ताडकन उठली. "म्हणजे वेळ कमी पडत नाहीये. दारं एकदम उघडी राहतायत."

प्रत्येक टप्प्याला दोन लॅच, म्हणजे दोन दारं. पहिलं क्लॉक पहिलं दार उघडून मिटतं, मग जरा थांबून दुसरं क्लॉक दुसरं उघडतं. दोन्ही क्षणभर एकदम उघडी राहिली की बिट सुसाट पुढच्या टप्प्यात घुसतो.

"मी दोन क्लॉकच्या मध्ये पाच नॅनोसेकंद सोडलेत. ठोके देणाऱ्या जनरेटरवर मोजलेत," मी म्हणाले.

"चिपच्या पिनपाशी मोज."

मोजलं. पहिलं क्लॉक दहा नॅनोसेकंद उशिरा पोचत होतं. त्याचं दार मिटायच्या आत दुसरं उघडत होतं.

सकाळी चहाच्या कपाला जागा करायला मी जनरेटर सरकवला होता. पहिल्या क्लॉकची केबल पुरेना, म्हणून दोन मीटर जास्त लांब लावली होती. केबलमध्ये मीटरला पाच नॅनोसेकंद जातात, म्हणजे तोच दहाचा उशीर.

जनरेटर जागेवर आणला, सारख्या केबल जोडल्या. दोघी मोठ्याने मोजू लागलो. सहा. सात. आठव्याला साखळीच्या शेवटचा दिवा लागला.

तिने माझा कप उचलला. "हा तो घोळ," म्हणाली आणि गार चहा पिऊन टाकला.